अंगठ्याची गोष्ट तुम्ही भर सभेत सांगितली

मॅडम,

परवा तुमचं तेरावं झालं. सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. इतकं चांगलं, की मला मधेच वाटलं, ह्या कुणा दुसऱ्याच बाई असाव्यात. शांत, सोशिक, कुणाला उलटा शब्द न बोलणाऱ्या. मी कोपऱ्यात बसून जेवले आणि मनात म्हटलं, यांना नळावर हात न धुता पेशंटजवळ उभं करा, मग शांत बाई कशी असते ते कळेल.

मला तुमच्याशी अजून भांडायचं आहे आणि तुम्ही नाही, म्हणून हे लिहिते आहे. चौथीनंतर मी कुणाला पत्रही लिहिलेलं नाही. हे कुणाला दाखवणार नाही, त्यामुळे चुका काढायला कुणी नाही. तुम्ही काढल्या असत्या, त्याही लाल पेनानं.

भांडण तुमच्या निरोपाच्या भाषणाचं आहे. तुम्ही म्हणाल, ते तर मिटलं. माझ्याकडून मिटलेलं नाही.

पहिल्यापासून सांगते. नर्सिंगच्या शाळेत मी सरावाच्या खोलीत शिपाई म्हणून लागले. झाडायचं, पुसायचं, चादरी मोजून ठेवायच्या, सामान उकळायचं. सरावासाठी एक रबरी पुतळी होती. एका मुलीनं तिला उशी देताना तिची मान काढून हातात घेतली आणि पुतळी कामातून गेली. तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "कौसाबाई, जरा पाच मिनिटं पलंगावर पड." ती पाच मिनिटं एकोणीस वर्षं चालली. माझ्या दंडावर किती मुली बीपी घ्यायला शिकल्या, माझ्या डोक्याला किती बँडेजं बांधली गेली, मी मोजलं नाही. पेशंटला न उठवता चादर कशी बदलायची हे शिकताना दोघींनी मला खाली पाडलं. तुम्ही दोन्ही वेळा आधी चादरीची घडी तपासली, मग माझ्याकडं बघितलं.

आणि तो अंगठा. परीक्षेला मी पलंग नंबर एकची पेशंट असायची. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई माझ्या उशाशी, तुम्ही माझ्या पायथ्याशी, हातात यादी. मुलीनं काय केलं, काय राहिलं, त्यावर तुमच्या खुणा. एक नियम तुमचा स्वतःचा होता. पेशंटला हात लावायच्या आधी जिनं हात धुतले नाहीत, तिचं पुढचं तुम्ही बघायच्याच नाहीत. यादी बंद, पेन खिशात, मुलगी नापास. पहिल्याच वर्षी एक थरथरणारी पोर तशीच माझ्या मनगटाकडं हात नेत होती. मी बोलू शकत नव्हते. माझ्या उजव्या पायाचा अंगठा आपोआप वर झाला. तिनं बघितलं, थबकली, नळाकडं गेली आणि पास झाली. पुढच्या वर्षापासून तो आपोआप होत नव्हता, मी करत होते. पांघरुणाबाहेर उजवा पाय मुद्दाम ठेवायची. तुमची नजर यादीवर असते अशी माझी समजूत होती.

म्हणून तुम्ही रिटायर होणार, कार्यक्रम होणार, जुन्या मुली येणार, असं कळल्यावर मला पुढचं सगळं दिसायला लागलं. तुम्ही माझं नाव घेणार, नाव निघालं की एखादी हसणार, हसली की सांगणार. नोकरीची भीती नव्हती. तुमच्या नजरेतून उतरायची होती. तुम्ही त्या परीक्षेत स्वतःच्या भाचीला नापास केलं होतं आणि वर्षभर बहिणीच्या घरी चहा प्यायला नव्हता. तुम्ही पायथ्याशी उभ्या असताना मी तुम्हाला इतकी वर्षं फसवलं, हे तुम्हाला सभेत कळावं असं मला नको होतं.

"मॅडम, माझं नाव घेऊ नगा," मी म्हटलं.

"का?"

"मला लाज वाटती."

"बरं. नाव घेणार नाही. शब्द दिला."

एवढ्यावर मी निर्धास्त झाले. तिथंच माझं चुकलं.

भाषणाची तयारी तुम्ही एखाद्या ऑपरेशनसारखी केली. आधी कोण कोण आहेत त्यांची यादी. मग वार्डात औषधं देताना वापरायच्या तसल्या छोट्या कार्डांवर एकेक गट. पहिलं कार्ड पाहुण्यांचं आणि प्राचार्यांचं, दुसरं वार्डातल्या सिस्टर लोकांचं, तिसरं तुमच्यासोबत शिकवणाऱ्या मॅडम लोकांचं, चौथं ऑफिस आणि वॉचमन, पाचवं जुन्या विद्यार्थिनींचं, सहावं घरच्यांचं. मला तुम्ही समजावून सांगायच्या, जणू मला उद्या कुठं भाषण करायचं होतं. "नुसती नावं वाचली की माणसं पुढचं नाव आपलं आहे का ते बघतात, आधीचं ऐकत नाहीत. आधी त्यानं काय केलं ते सांगायचं, मग नाव. म्हणजे नाव यायच्या आधीच त्याला कळतं आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो." आणि वेळ आठ मिनिटं. छातीवरच्या घड्याळात बघून. "माझ्या आधी सहा जण बोलणार. माझ्यापर्यंत लोक उपाशी झालेले असणार. उपाशी माणसाचे आभार आठ मिनिटांतच मानावेत."

सराव दुपारी जेवणानंतर, त्याच खोलीत, तीन दिवस. तुम्ही टेबलाजवळ उभ्या राहिलात आणि मी सवयीनं पलंगावर जाऊन पडले. त्या खोलीत तुमचं बोलणं मी कधी बसून ऐकलंच नव्हतं. वर पंखा. वार्डातल्या सिस्टरांचं कार्ड होईपर्यंत मी जागी असायची. वॉचमनपर्यंत कधी पोचले, कधी नाही. सगळं संपल्यावर तुम्ही विचारायच्या, "कौसाबाई, कसं वाटलं? काही हरकत?" आणि मी म्हणायची, "न्हाई मॅडम. बेस हाय." असं तीनही दिवस.

सातवं कार्ड होतं हे मला कार्यक्रमात कळलं.

कार्यक्रम तुम्ही म्हणालात तसाच झाला. दीप लागला, स्वागतगीत झालं, मग शाल, नारळ आणि फेटा. फेटा बांधणारा माणूस तुमच्या डोक्याशी आला तर तुम्ही त्याला हळूच म्हणालात, "प्रत्येक पदर आधीच्यावर अर्धा यायला पाहिजे, म्हणजे सुटत नाही." तो म्हणाला, "मॅडम, मी वीस वर्षं बांधतोय." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच सांगते, सवय लागली असेल." माईक चालू होता. पहिला हशा तिथंच झाला. मग सहा जण बोलले. पाहुण्यांनी नर्सच्या कामाचं सोडून रस्त्यांबद्दल भाषण केलं. मागून मसालेभाताचा वास यायला लागला आणि माना मागं वळायला लागल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी तुमच्यापुढं चिठ्ठी सरकवली, थोडक्यात घ्या म्हणून. ती तुम्ही वाचली, घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

तुम्ही उठलात. फेटा सुटला नव्हता. म्हणालात, "ड्युटी संपली की दुसऱ्या सिस्टरला पेशंट सोपवल्याशिवाय आपण घरी जात नाही. कोणत्या पलंगावर कोण, काय दिलं, काय राहिलं, हे सांगून मगच निघतो. आज माझी ड्युटी संपली. मी तेवढंच सांगणार आहे."

वार्डातल्या सिस्टर लोकांना तुम्ही म्हणालात, "माझ्या मुलींच्या हातात पहिल्यांदा सुई होती तेव्हा कुणीतरी आपला पेशंट त्यांना दिला. मी दिला नसता." ऑफिसातल्या शेख भाऊंबद्दल म्हणालात की, मी अर्धा मार्क वाढवला म्हणून ज्यांनी अख्खा तक्ता परत टाइप केला आणि पुढच्या आठवड्यात तो अर्धा मार्क काढून घेतला म्हणून परत टाइप केला, ते गृहस्थ. नाव यायच्या आधीच शेख भाऊंचे कान लाल झाले. सोबत शिकवणाऱ्या जाधव मॅडमबरोबर चादरीचा कोपरा कसा दुमडायचा यावर तुमचं अकरा वर्षं भांडण होतं. तुम्ही म्हणालात, "मी अजूनही मानत नाही. पण माझ्या मुलींना दोन कोपरे येतात, हे यांचे उपकार." जाधव मॅडम बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तिसरा तुम्हाला येत नाही म्हणून." तुम्ही मान डोलावलीत, जणू हेही कार्डावर होतं.

जुन्या विद्यार्थिनी उठून उभ्या राहायला लागल्या तर तुम्ही हात केलात. "उभ्या राहू नका. कित्येक जणी रात्रपाळी करून थेट आल्या आहात, मला चालण्यावरून कळतं. बसा. पाय लांब करा." मग म्हणालात, "ज्यांना मी नापास केलं त्याही आल्या आहेत. त्यांचे आभार वेगळे. पास झालेल्या तर येणारच." तिसऱ्या रांगेत त्यांतल्याच सारिकानं पदर डोळ्याला लावला. मी मागच्या खांबाशी उभी होते. मी खाली बघितलं. का, ते पुढं सांगते.

घरच्यांचं कार्ड झालं. मी वाढायला जायला निघाले, कारण माझ्या हिशोबानं भाषण संपलं होतं. तर तुम्ही म्हणालात, "आता पलंग नंबर एक."

मॅडम, माझे पाय तिथंच चिकटले.

"मी दिलेला शब्द पाळते, नाव घेत नाही," तुम्ही म्हणालात. तोवर सगळा हॉल मागं वळला होता. "परीक्षेला परीक्षक उशाशी असतात. त्यांना पेशंटचं तोंड दिसतं. मी पायथ्याशी असते. मला अंगठा दिसतो."

मग मधल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, तुलाबी?" दुसरीकडून, "म्हणजे माझ्या एकटीसाठी न्हवता व्हय?" बॅचमागून बॅच एकमेकींकडं बघून हसायला लागली. एक मुलगी, तीसुद्धा आता दोन लेकरांची आई, रुसल्यासारखी म्हणाली, "मला वाटायचं मावशीची माझ्यावरच माया हाय." मला वाटत होतं फरशी फाटावी.

तुम्ही हसू थांबेपर्यंत थांबलात. घड्याळात बघितलंत. मग म्हणालात, "मला पहिल्या वर्षीच दिसलं होतं. मी का थांबवलं नाही, ते सांगते. घाबरलेली मुलगी माझ्या तोंडाकडं बघते, परीक्षकांच्या कागदाकडं बघते. चुकायच्या वेळी जिची नजर पेशंटवर असते, तिलाच तो अंगठा दिसतो. हात धुणं मी शिकवू शकते. नजर पेशंटवर ठेवणं मला शिकवता येत नव्हतं. ते पलंग नंबर एकनं केलं. मी त्याचे मार्क दिले आणि नाव माझं झालं. हे सांगायचं राहिलं होतं." मग कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलंत आणि बसलात. आठ मिनिटं. मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात बघितलं.

मी तिथून पळाले. सरावाच्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. थोड्या वेळानं तुम्ही आलात, फेट्यासकट, हातात ताट घेऊन. ताटात तीन जिलब्या, त्या तुम्हाला बंद होत्या.

"तुमी शब्द मोडला," मी म्हटलं. तुमच्यावर आवाज चढवायची माझी ती पहिली वेळ.

"नाव घेतलं नाही."

"नावापरीस जास्त केलं."

"तीन वेळा तुला वाचून दाखवलं. तीन वेळा विचारलं. तीनही वेळा बेस हाय म्हणालीस."

"मी झोपले व्हते, मॅडम."

"डोळे उघडे होते."

"माझे अर्धे उघडेच ऱ्हातात झोपेत. घरी इचारा."

तुम्ही जिलबी तोंडाशी नेलेली थांबवलीत. मी तुम्हाला सोडलं नाही. तुम्हीच मुलींकडून घोकवून घेत होतात. आधी काय करणार ते सांगा, मग विचारा, गुंगीतल्या किंवा झोपेतल्या माणसाचं हो हे हो धरू नका. ते मी त्याच पलंगावर पडून एकोणीस वर्षं ऐकलं होतं. तुम्हाला तेच ऐकवलं.

"मग चूक झाली," तुम्ही म्हणालात.

"सभेत कबूल करा."

"सभा जेवायला बसली." आणि जिलबी खाल्लीत. तुम्हाला इतकं हसू आलं की फेटा डोळ्यावर आला आणि अर्धा अर्धा पदर असूनही सुटला.

तेव्हा मला एक सांगायचं होतं. तुम्ही मला एवढं मोठं केलंत, म्हणूनच सांगायचं होतं. सारिका पहिल्या वर्षाला असताना माझ्या दंडाला पट्टा गुंडाळताना मैत्रिणीला म्हणाली होती, "मावशीच्या अंगाला शेळ्यांचा वास येतो गं." आमच्या पाली गावच्या घरी शेळ्या आहेत, पण मी रोज पहाटे न्हाऊन पहिली एसटी धरायची. मी डोळे मिटून पडले होते, तिला वाटलं झोपले. परीक्षेला ती हात न धुता माझ्याजवळ आली. मला दिसलं. मी पाय असा घट्ट धरला की पोटरीत गोळा आला. अंगठा हलवला नाही. तुम्ही यादी बंद केली. ती सहा महिने मागं पडली.

हे तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही हसत होतात, म्हणालात, "घरी ये, सावकाश भांडू." मी दोनदा आले. एकदा तुम्ही मला शिरा खाऊ घातलात आणि माझा बीपी घेतलात, एकदा तुमच्या नातवाला बँडेज शिकवत होतात. दोन्ही वेळा तोंडाशी आलेलं गिळलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा दारात चपला खूप होत्या.

तुमच्याकडून काय ऐकायचं होतं मला, ते अजून कळत नाही. कदाचित तुम्ही रागावला असता, आणि ते बरं झालं असतं. तुम्ही माझ्याबद्दल जे बोललात ते सगळं खरं नाही, एवढं तुम्हाला कळायला पाहिजे होतं. ते तुम्ही न ऐकता गेलात. यावरही मी रागावले आहे.

म्हणून तेराव्याला, जेवणं झाल्यावर, नळावर सारिका हात धूत होती तिथं मी गेले. ती आता आष्टीकडच्या दवाखान्यात इन्चार्ज आहे. पाणी बंद व्हायची वाट बघितली. ती तुमच्याच पद्धतीनं धूत होती, बोटांच्या फटी, नखं, मनगट, त्यामुळं वेळ लागला.

"सिस्टर, एक बोलायचं हाय," मी म्हटलं.

"मावशी, मला काहून सिस्टर म्हणताय?"

"तुमच्या परीक्षेला मी अंगठा हलवला न्हाई. मुद्दाम."

ती हात तसेच धरून उभी राहिली. पाणी कोपरावरून खाली गळत होतं. मी सगळं सांगितलं, शेळ्यांचंही.

"ते ऐकलं व्हतं तुमी?" ती म्हणाली. मग म्हणाली, "मावशी, आमच्या घरी बी शेळ्याच व्हत्या. हॉस्टेलला नवी व्हते. तुमच्याजवळ आलं की घरचा वास यायचा. म्हणून बोलून गेले."

हे खरं होतं की म्हातारीला बरं वाटावं म्हणून तिनं तिथल्या तिथं जुळवलं, मला सांगता येत नाही. तुम्हाला तिच्या तोंडाकडं बघून कळलं असतं.

"तरीबी तुझे सहा महिने गेले," मी म्हटलं.

"तुमी पाचीच्या पाची बोटं हलवली असती तरी गेले असते. मी तुमच्याकडं बघतच नव्हते. मॅडमच्या पेनाकडं बघत व्हते. सभेत ऐकलं तवा मला पहिल्यांदा कळलं, तुमच्या पायाला अंगठा हाय."

म्हणजे तुमचं खरं निघालं, मॅडम. दरवेळी निघतं, मेल्यावरसुद्धा.

"माझ्याकडं काहून बघत नव्हतीस?" मी विचारलं.

ती हात पुसत जरा घुटमळली. "भीती वाटायची."

"मॅडमची?"

"तुमची. मॅडम ओरडायच्या, त्याचं काय न्हाई वाटायचं. तुमी डोळे मिटून गप पडायच्या. वाटायचं, आपण काय चुकलो ते हिला समदं कळतंय आणि ही काय बोलत न्हाई. आमच्या आख्ख्या बॅचला वाटायची. अजून बी थोडी वाटती."

मी सासूबाईंना घाबरले, साहेबांना घाबरले, एसटीच्या कंडक्टरला सुटे मागायला घाबरले. माझी कुणाला भीती वाटते हे मी आजवर ऐकलं नव्हतं, तेही आख्ख्या बॅचला. घरी सांगितलं तर हसतील. तुम्हाला सांगते.

बीडच्या स्टँडवरून मी पालीची गाडी धरली. गाडी भरलेली होती. तिघांच्या बाकड्यावर एक बाई पिशवी मधे ठेवून ऐसपैस बसली होती. अशा वेळी मी गावापर्यंत दांडा धरून उभी राहते. परवा तिच्यासमोर उभी राहिले आणि काही न बोलता तिच्याकडं बघितलं.

तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि सरकली.